आलं का, भाऊ?

छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि शालिग्रामभाऊंनी इंदिराबाईंना घरी बसवलं. सातवी शिकलेल्या बाईंना इंग्रजीचा अर्थ कळत नसे. त्या मूळ कागदावरचं अक्षर न् अक्षर मोठ्यानं म्हणत आणि भाऊ प्रुफावर बोट फिरवत. आता शब्द तपासायला मशीन होतं, मग बाईंचा घसा कशाला कोरडा करायचा?

पुढे दलिचंदशेठची केळी जळगावहून परदेशी निघाली. थंड कंटेनरसाठीच्या इंग्रजी सूचना भाऊंनी छापल्या. मशीननं एकही चूक दाखवली नाही. केळी पोचली ती पिकून काळी पडलेली.

शेठ छापील कागद टेबलावर ठेवून गेले. भाऊंनी इंदिराबाईंना बोलावून आणलं आणि मूळ कागद त्यांच्या हातात दिला.

“टी, एच, आय, आर, टी, ई...”

भाऊंचं बोट ‘वाय’वर अडलं. तेरा अंशांच्या जागी तीस छापले होते. दोन्ही शब्द शुद्धच. शब्द कोशात आहे की नाही, एवढंच मशीन बघत होतं. मूळ कागद त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

“ई, एन,” बाईंनी शब्द पुरा केला आणि जुन्या सवयीनं विचारलं, “आलं का, भाऊ?”

भाऊंना मान वर करवेना.