एका दोषाची दोन टिकिटे

सोमवार, १७ नोव्हेंबर, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे; ऑफिसातल्या कामांची नोंद ठेवणाऱ्या ट्रॅकरवर उघडी टिकिटे, म्हणजे बाकी कामे, एकशे छत्तीस. सर्वांत ज्येष्ठ प्रोग्रामर असलेल्या काकांनी आपले टिकीट ४१२७ ‘करायचे आहे’ या रकान्यातून उचलले आणि थेट ‘तपासणीसाठी’ या रकान्यात ठेवले. त्याखाली लगेच एक पिवळी पट्टी उमटली : हीच फाइल टिकीट ४१६३ मध्येही बदलली आहे.

४१६३ समोरच्या टेबलावरच्या मुलीचे होते. तिच्या पडद्यावरही तीच पट्टी आली असावी, कारण तिने टंकणे थांबवले.

दोघांचे प्रोग्राम शेजारीशेजारी उघडले गेले. परदेशातल्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळांसाठी ही प्रणाली होती. ग्राहकांची तक्रार अशी, की पहाटेच्या नमुन्यांवर आदल्या दिवसाची तारीख पडते, ते ४१२७. कंपनीत प्रणाली तपासणाऱ्या परीक्षकांची तक्रार अशी, की दिवसाच्या यादीतून पहाटेचे नमुने गळतात, ते ४१६३. दुखणे एकच. सर्व्हर जागतिक वेळ साठवत होता आणि ती स्थानिक वेळेत बदलण्याआधीच तारीख कापून घेत होता. शब्द वेगळे असल्याने शोधात एकाला दुसरे सापडले नव्हते. दोघांनी एकाच विहिरीत आठवडाभर स्वतंत्र दोर सोडले होते.

गटप्रमुख आला. पाठीमागे त्याला सगळे मुकादम म्हणत.

“जुना क्रमांक राहील, नवा ‘पुनरुक्त’ म्हणून बंद,” तो उभ्याउभ्याच मुलीला म्हणाला. “ज्याचं टिकीट त्यालाच ते बटण दिसतं. दाब.”

“नाही दाबणार.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही दाबणार. पुनरुक्त टिकिटाचे तास शून्य धरतात. आईच्या ऑपरेशनमुळे या महिन्यातला एक आठवडा आधीच कोरा आहे. दुसरा कोरा दिसला तर मला कायम करणार नाही तुम्ही.”

“तुला कायम करायचा कागद बुधवारी माझ्यापुढे येणार आहे. एवढं ध्यानात असू दे.”

“आहे. म्हणूनच नाही दाबत.” तिने ४१२७ चा इतिहास उघडून पडदा त्याच्याकडे वळवला. “काम घेण्याआधी मी ‘चालू’ रकाना पाहिला होता. हे टिकीट त्यात नव्हतं. दहा तारखेला काकांना दिलं, त्यानंतरची हालचाल आज नऊ चाळीसची. मधे काहीच नाही. काका, तुमचं टिकीट काय कुंभकर्णाचं होतं?”

मागच्या रांगेत कोणीतरी खोकल्याच्या आडून हसले. काकांचे कान लाल झाले.

“अर्धवट काम मी मांडत नाही,” ते म्हणाले. “टिकीट ‘चालू’त सरकवलं की दर तासाला ‘कुठवर आलं?’ म्हणून विचारणा. तेवीस वर्षं माझी हीच रीत आहे.”

“आणखी तेवीस वर्षं चालवा, काका. पण तुमच्या रीतीचा दंड मी का भरू?”

“आवाज खाली,” मुकादम म्हणाला.

“खालीच आहे. माझ्या एक्केचाळीस चाचण्या त्यांच्या कोडवर चालवा. सगळ्या उतरल्या तर माझ्या हातानं बंद करते, आत्ता.”

काकांनी स्वतःच त्या चालवल्या. हिरव्या ओळी भराभर उतरल्या. एकोणचाळीस हिरव्या, दोन लाल. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि लाल ओळी जवळून वाचल्या. जागतिक आणि स्थानिक वेळेतला आजचा फरक त्यांनी सगळ्याच तारखांना लावला होता. त्या देशात उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे असत. तेव्हाचे मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या तासातले नमुने अजूनही आदल्या दिवशी पडत होते. तिने नमुन्याच्या तारखेला जो फरक लागू असेल तो शोधून लावला होता.

“दोनच ना?” मुकादमाचा सूर मवाळ झाला. “काका, हिचं बघून तेवढं दुरुस्त करून टाका. तासाभराचं काम. ४१२७ च राहू दे.”

हाताची घडी घालून ती उभी राहिली आणि तिने काकांकडे पाहिले. विनंती करणारी ती नजर नव्हती.

काकांनी माऊस हातात घेतला.

“हिचं बघून दुरुस्त करायचं,” ते सावकाश म्हणाले, “आणि नाव माझं लावायचं.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“नाही. करायला मात्र तेच सांगितलंत.”

“काका, तुमचाही आढावा मार्चमध्ये आहे.”

“तुम्हीच सांगितलंत ना, ज्याचं टिकीट त्यालाच बटण दिसतं म्हणून? मला दिसतंय.”

त्यांनी एकदा क्लिक केले. ट्रॅकरने खात्री विचारली. त्यांनी पुन्हा क्लिक केले. मुकादमाच्या पडद्यावरचा मागच्या आठवड्याचा तक्ता नव्याने भरला.

टिकीट ४१६३ : चाळीस तास. टिकीट ४१२७ : शून्य.