आजोबांचं धोरण

माझे सासरे भास्करराव केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले तरी त्यांचं बोलणं अजून सेवेतच आहे. आठ महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन ते रोज मराठी अग्रलेख वाचून दाखवतात. सासूबाई 'आले का माझे शोने, कुठे गेले डोळे, हे बघ डोळे' करू लागल्या की बाबांच्या कपाळावर आठी पडते.

"विजया, बोबडं बोलू नकोस. भाषा बिघडते त्याची."

त्यांचा हट्ट मला समजत होता. लखनौत चाळीस वर्षं काढून घरातलं मराठी हळूहळू गळत चाललं होतं. नणंदेची मुलगी नयना त्यांचं सगळं मराठी ऐकून घेते आणि म्हणते, "हाँ नानाजी, समझ गई." एकदा ते मला म्हणाले, "अनघा, नातवंडांत माझ्याशी मराठीत बोलणारा आता हा अनीशच उरलाय." तो तेव्हा फक्त थुंकीचे फुगे काढत होता.

चूक माझीच झाली. शहरातल्याच जानकीपुरम भागात, बाळं भाषा कशी शिकतात ते पाहणारी आमची प्रयोगशाळा आहे. तिथलं काम मी त्यांना जेवताना समजावून सांगितलं. आम्ही बनावट तीन अक्षरी शब्द एकापाठोपाठ जोडून बाळांना ऐकवतो. यंत्राचा सपाट आवाज, मध्ये श्वासाएवढीही फट नाही. तरी दोन मिनिटांत बाळाला शब्द कुठे संपतो ते जाणवतं. शब्दाच्या आत एका अक्षरामागे ठरलेलंच अक्षर येतं, शब्द संपला की पुढे काहीही येऊ शकतं. बाळाचे कान तेवढा हिशेब ठेवतात. नंतर तेच शब्द ऐकवले की ते लवकर तोंड फिरवतं, कारण आता त्यात नवं काही नसतं.

"म्हणजे सपाट आवाज चालतो," बाबा म्हणाले. "आणि कंटाळलं म्हणजे शिकलं."

दुसऱ्या दिवसापासून ते अग्रलेख विरामचिन्हांशिवाय वाचू लागले. अनीश कंटाळायचा. बाबा खूश व्हायचे.

शेवटी परीक्षा घ्यायचीच असं त्यांनी ठरवलं. एका मुलावरून काहीही सिद्ध होत नाही हे मी सांगून पाहिलं, पण लेखी दिल्याशिवाय त्यांना पटत नाही. मग अग्रलेखांतले 'धोरण', 'मंत्रिमंडळ', सासूबाईंच्या तोंडचे 'डोळे', 'पाणी' आणि त्याने कधी न ऐकलेले काही शब्द एका अनोळखी बाईच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतले. अनीशला मांडीवर घेऊन बाबा खोलीत बसले. नकळत त्यांनी इशारा करू नये म्हणून त्यांच्या कानांवर हेडफोन चढवून गाणी लावली. बाजूचा दिवा लुकलुकला की अनीश वळे, तो तिकडे बघत असेपर्यंत शब्द वाजे. काय वाजतंय हे माहीत नसलेली माझी सहकारी गीता पडद्यावर नुसता त्याच्या नजरेचा वेळ मोजत होती.

बाहेर येताच बाबांनी विचारलं, "धोरणाला कंटाळला ना?"

"कंटाळला. न ऐकलेल्या शब्दांनाही तितकाच कंटाळला. फरक पडला तर ओळख म्हणायची, बाबा. तो आईंच्या शब्दांना पडला. ते तो खूप वेळ ऐकत राहिला."

"पण सपाट आवाज..."

"सपाट होता, पण यंत्र तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतं, दर वेळी वेगळ्या शेजाऱ्यांबरोबर. तुमचं मंत्रिमंडळ एकदा येतं आणि जातं. आई 'डोळे' दिवसभर म्हणतात, लांबवून, छोट्या वाक्यात, बहुतेक शेवटी. बाळाला तिथून तो शब्द उचलणं सोपं जातं."

आम्ही घरी निघालो. ऑटोत अनीशला त्यांनी माझ्याकडे दिलं, स्वतःहून. मला फार वाईट वाटलं. विज्ञान बरोबर होतं आणि मी ते सांगायला नको होतं.

दोन दिवस अग्रलेख बंद. आई म्हणाल्या, "अगं, घर कसं सुनं वाटतंय." हे त्या म्हणतील असं मला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाल्कनीतून कुणीतरी गळा आवळल्यासारखा बारीक आवाज काढत होतं. मी पडद्याआडून पाहिलं. बाबा वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरून खाली करत होते.

"कुठे गेलं धोओरण? हे बघ धोरण. आपलं छान छान धोरण. आता कुठे गेलं धोरण?"

अनीश त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. वर्तमानपत्र खाली आलं की खिदळत होता.

मला पाहताच बाबा दचकले. घसा खाकरून त्यांनी आवाज पूर्वपदावर आणला. "प्रयोग करतोय," ते म्हणाले. "तू आत जा."

मी आत गेले. माझ्या मुलाचा पहिला शब्द 'धोरण' असणार, ही भीती मी आईंना सांगितली. त्या कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "असू दे. त्यांना कुणीतरी मराठीत उत्तर देईल."