अडीच टक्क्यांची वॉरंटी

वॉशिंग मशीन टीं टीं करून थांबलं आणि स्वयंपाकघरातला अबोला अचानक मोठा वाटायला लागला. एरवी तो पहिल्या आवाजाला उठला असता. लोकांची मशिनं दुरुस्त करण्यावर त्याचं पोट चालायचं आणि स्वतःच्या मशीनवर त्याचा जीव होता. आज मात्र तो टेबलाशी तसाच बसून राहिला. समोर बायको, लेकीच्या फ्रॉकला बटण लावत. तिने म्हटलं होतं, एकदा डॉक्टरकडे जाऊ या. त्याने म्हटलं होतं, कशाला. तिथेच सगळं अडलं होतं.

त्याचा तो ‘कशाला’ फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला होता. त्याच्या कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली होती आणि प्रत्येकाला एकेक कागद मिळाला होता. येत्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता अडीच टक्के, धोका कमी. खाली हिरवी पट्टी. घरी आल्या आल्या त्याने कागद तिच्यापुढे नाचवला होता. “घे, दहा वर्षांची वॉरंटी. एवढी तर आम्ही नव्या मशीनलाही देत नाही.”

ती हसली नव्हती. चार महिन्यांपूर्वी मोठे भाऊजी, त्याचे सख्खे थोरले भाऊ, गेले, तेव्हा त्यांना त्रेचाळिसावं लागलेलं होतं. ना विडी, ना दारू, अंगाने धडधाकट. सकाळी छातीत जळजळतंय म्हणाले, पित्त झालं असेल म्हणून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. जाऊबाईंकडे अजून बाथरूमच्या काचेपुढे त्यांचा दाढीचा ब्रश होता. तो हलवायचं धाडस कुणाला होत नव्हतं. तेव्हापासून हिच्या जिवाला घोर लागला होता. तो झोपला की ती त्याची छाती वरखाली होतेय ना, ते बघायची. आणि तो त्या कागदाआड बसला होता, दार लावून घेतल्यासारखा.

अखेर तिनेच अपॉइंटमेंट घेतली. म्हणाली, तुझ्यासाठी नको, माझ्या झोपेसाठी चल. तो आला, पण कागद खिशात घालून.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी कागद वाचला, मग रक्ताचा रिपोर्ट वाचला, आणि परत कागदाकडे आल्या. त्यांनी त्याचं वय विचारलं. सदतीस, तो म्हणाला. मग इथे चाळीस कसं?

तो खुशीत सांगायला लागला. तिथल्या नर्सच्या कॉम्प्युटरवर चाळीसच्या आतलं वय घेतच नव्हतं, लाल चौकोन यायचा. मागे रांग लागलेली. शेवटी तिने चाळीस टाकलं आणि गाडी पुढे सरकली. “म्हणजे बघा, मला तीन वर्षांनी म्हातारा करूनही मी पास. खरं वय टाकलं तर आकडा आणखी उतरेल.”

तिला वाटलं, संपलं. याच्यावर काय बोलणार? हिशेब तर बरोबर होता.

“उतरेलच,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तीच तर अडचण आहे. या हिशेबात सगळ्यात मोठं वजन वयाचं असतं. विशीतल्या-तिशीतल्या माणसाच्या रक्तात काहीही असो, दहा वर्षांचा आकडा बहुतेक वेळा लहानच येतो. तुमच्या शिरा चांगल्या आहेत म्हणून तो लहान नाही. तुम्ही तरुण आहात म्हणून लहान आहे. तो लाल चौकोन उगाच येत नव्हता. हे गणित चाळिशीच्या पुढच्यांसाठीच मांडलेलं आहे.”

मग त्यांनी विचारलं, मशिनं दुरुस्त करता ना, खारं पाणी असलेल्या घरात मशीनमधला हीटर पहिल्या वर्षी बंद पडतो का?

त्याने नाही म्हणून मान हलवली.

“आणि क्षार कधीपासून साचतात?”

“पहिल्या दिवसापासून,” तो पुटपुटला.

बाईंनी बाकीचं तिलाच जास्त सांगितलं, कारण तो आता खिडकीकडे बघत होता. अडीच टक्के म्हणजे अशाच आकड्यांची शंभर माणसं घेतली तर दहा वर्षांत दोघातिघांना त्रास होईल. यांना होईल की नाही, ते तो आकडा सांगत नाही. अकराव्या वर्षाबद्दल तर तो काहीच बोलत नाही. आणि काही गोष्टी कागदाने विचारलेल्याच नाहीत. भाऊ कशाने गेला, कितव्या वर्षी गेला, याला त्यात जागाच नव्हती. गणित परदेशी, त्यामुळे वंशाच्या रकान्यात भारतीय नव्हतंच, नर्सने ‘इतर’ निवडलेलं. “आपण भारतातले. आपल्याकडे हे दुखणं बऱ्याचदा लवकर येतं, आणि दुसऱ्या लोकांवरून बेतलेली अशी गणितं आपला धोका पुष्कळदा कमी दाखवतात. काही गणितं मूळ विचारतात, तीही नेमकी बसतात असं नाही.”

“मग खरा आकडा किती?” तिने विचारलं.

“ते मी छातीठोकपणे सांगितलं, तर माझं ऐकू नका.”

पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एकशे अडुसष्ट, हवं त्यापेक्षा बरंच जास्त होतं आणि सख्खा भाऊ त्रेचाळिसाव्या वर्षी गेला होता. दहा वर्षं नाही, पुढची तीस-चाळीस वर्षं डोळ्यांपुढे ठेवायची, असं बाईंचं म्हणणं. चालणं, खाणं, रक्तदाबावर लक्ष ही पथ्यं होतीच. शिवाय कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा विचार आताच करायला हवा. त्याआधी आणखी एक रक्ततपासणी सांगितली, लायपोप्रोटीन-ए नावाच्या, कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एका घटकाची. ते आईबापांकडून येतं आणि जन्मभर जवळपास तेवढंच राहतं, म्हणून एकदा बघितलं की पुरतं.

परतताना तो गाडी चालवत म्हणाला, “म्हणजे दादाचाही कागद असाच हिरवा आला असता.”

भाऊजी गेल्यापासून त्याने पहिल्यांदाच ‘दादा’ हा शब्द तोंडातून काढला होता. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही, मागच्याने हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे तो भानावर आला.

रिपोर्ट आला. ते जे काय होतं, ते चांगलंच वाढलेलं निघालं. त्यावर खास असा उपाय आज हातात नाही, म्हणून जे कमी करता येतं ते नेटाने कमी करू, असं बाई फोनवर म्हणाल्या. हे रक्तातून उतरतं, तेव्हा मुलीचंही कधीतरी बघून घ्या, घाई नाही. ‘घाई नाही’ हे त्या दोनदा म्हणाल्या. तिने बरं म्हणून फोन ठेवला.

तिला वाटलं होतं, तो ऐकेल तेव्हा आपल्याला हलकं वाटेल. ऐकलं त्याने. रोज जेवण झालं की निमूट गोळी घ्यायचा, जिने चढायचा, मीठ बेताने घ्यायचा. पण वॉरंटीचे विनोद बंद झाले. जिना चढून आला की पाठमोरा उभा राहून स्वतःची नाडी बघायचा. तिला दिसू नये म्हणून. घोर एकटीचा होता, आता दोघांचा झाला. तिने काय केलं होतं, माणसाला वाचवलं होतं की नुसतं घाबरवलं होतं?

एका दुपारी जेवणानंतर त्याने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि कामावर निघून गेला. लेक ताटावरून बघत होती. पाच वर्षांची, आणि नजर पोलिसाची.

“बाबांना काय होतंय?”

“काही नाही, राणी.”

“मग गोळी कशाला?”

“पुढे काही होऊ नये म्हणून.”

लेकीने थोडा विचार केला. चमचा चाटून खाली ठेवला.

“गोळी घेतली म्हणजे नाहीच होणार ना?”