आप्पांची हाळी

सोनालीनं होटगीच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा दाराशी घोंगडीचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं आणि त्यावर टाळाची जोडी. गाठोडं आप्पांचं म्हणजे तिच्या वडिलांचं, सिद्धाप्पांचं. टाळही त्यांचेच. चाळीस वर्षं गावच्या कीर्तनात बुवांच्या मागं उभं राहून ते वाजवत आले. माणूस घोंगडी घेऊन रानात जातो, टाळ घेऊन देवळात जातो. दोन्ही एकदम दाराशी आली म्हणजे घर सोडून निघाला, हे कुणी सांगायला नको होतं.

केराबाई चुलीपाशी बसून होती. तिनं लेकीला हळू आवाजात सगळं सांगितलं. ओढ्याच्या उतारावर पडून आप्पांचा पाय मोडला, त्यानंतर दीड महिना ते सोलापुरात सोनालीच्याच घरी प्लास्टरमध्ये होते, एवढं तिला ठाऊकच होतं. तेवढ्या वेळात तिच्या भावानं, सिद्धरामनं, तीसच्या तीस मेंढरं अक्कलकोटकडच्या चुलतभावाला, संगप्पाला, सांभाळायला देऊन टाकली. आप्पांना विचारलं नाही, बहिणीला कळवलं नाही. परवा आप्पा परतले तर मेंढवाडा मोकळा. दोन दिवस बापलेकांचं भांडण चाललं होतं. आज आप्पा म्हणाले, पाचच्या एसटीनं अक्कलकोटला मठात जातो, या घराचं पाणी पुन्हा पिणार नाही. आणि आप्पा एकदा बोलले की बोलले, हे केराबाईला बेचाळीस वर्षांच्या संसारात पुरतं ठाऊक झालं होतं.

घड्याळात साडेतीन झाले होते.

सोनाली शुक्रवार पेठेतल्या एका समुपदेशन केंद्रात काम करायची. सासू-सून, नवरा-बायको, भाऊ-भाऊ, रोज कुणी ना कुणी तिच्या समोर भांडत बसायचे आणि ती शांत असायची. पण परक्याच्या घरचा विस्तव चिमट्यानं उचलता येतो, आपल्या घरचा हातानंच उचलला जातो. ओसरीवर आप्पा बाजेवर बसलेले आणि समोर उभा सिद्धराम रेल्वेच्या निळ्या गणवेशात, दोघं एकमेकांवर ओरडत होते. केंद्रात जे तिनं कधीच केलं नसतं तेच तिनं केलं.

"आप्पा, त्यानं तुमच्या काळजीपोटीच केलंय की," ती म्हणाली.

"झालं. तूबी त्याच्याच गाडीत बसलीस," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी चप्पल पायाकडं ओढली.

सोनालीनं जीभ चावली. एकाची बाजू घेतली की दुसऱ्याचे कान बंद होतात, हे ती दर सोमवारी नव्या मुलींना शिकवत असे. मग तिनं सिद्धरामला हाताला धरून खाली बसवलं, आप्पांच्या अगदी समोर नाही, बाजेच्या कडेला, तिरकं. उभा माणूस बसलेल्याला मारायला आल्यासारखा दिसतो. त्याचा फोन काढून आईकडं दिला. आणि नियम घातला: एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मधे तोंड घालायचं नाही, आणि उत्तर द्यायच्या आधी ऐकलेलं आपल्या तोंडानं परत सांगायचं. बोलणारा 'व्हय' म्हणेल तेव्हाच ऐकणाऱ्याची पाळी.

आप्पा नाक मुरडून म्हणाले, ही शाळा त्यांना नको. तरी बोलले. "मला न इचारता माजी मेंढरं दिलीस. मी काय मेलो हुतो का?"

"तुमाला न इचारता तुमची मेंढरं दिली, तुमी काय मेला हुता का," सिद्धराम म्हणाला, तसंच्या तसं, चालीसकट.

आप्पांचं तोंड लाल झालं. "बग, चेष्टा करतंय माजी."

सिद्धरामची चेष्टा नव्हती. लहानपणापासून बापामागं कीर्तनाला गेलेलं पोर ते. बुवांची ओळ मागच्यांनी अक्षर न बदलता उचलायची, एवढंच त्याला ठाऊक. सोनालीच्या हे ध्यानात आलं आणि तिला धागा सापडला.

"आप्पा," ती म्हणाली, "बुवा ओळ म्हणतात, ती तुम्ही उचलल्याशिवाय पुढं जातात का?"

"कसं जातील? मागनं आलं न्हाय तर बुवाला कळणार कसं, पोचलं का न्हाय ते?"

"तेवढंच करायचंय. फक्त शब्द नाही उचलायचे, अर्थ उचलायचा."

आप्पांनी चप्पल परत बाजेखाली सरकवली. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिला मान आहे, आणि तो माणूस तो मान चाळीस वर्षं पाळत आला होता. घरात मात्र त्याच्याकडं कुणी तो मागितला नव्हता.

मग सोनालीनंच आप्पांना विचारलं, परवा आल्यावर काय झालं ते सांगा. तिनं मधे काही घातलं नाही. आप्पा थांबले तेव्हा तीही थांबली. केंद्रात नव्या मुलींना हीच गोष्ट सगळ्यात जड जायची, गप्प राहणं. थोड्या वेळानं आप्पाच पुढं बोलले. दिवस कलायला लागला तशी त्यांनी सवयीनं मेंढरांना हाळी दिली. चारदा दिली. शेजारचं पोरगं बघत होतं.

"हाळी दिली आणि कोणी आलं नाही," सोनाली म्हणाली. "लई रिकामं वाटलं असंल. बरोबर बोलते का मी?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "रिकामं न्हाय. लाज वाटली. माजं मलाच ठाव न्हवतं, आनी गावाला ठाव हुतं."

तिचा अंदाज चुकला होता, पण तो विचारून केलेला असल्यामुळं आप्पांनी तो स्वतःच दुरुस्त केला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

तिनं भावाकडं पाहिलं. सिद्धराम जमिनीकडं बघत म्हणाला, "मेंढरं गेली त्यापरीस... तुमाला येड्यात काढलं, गावाम्होरं, आसं वाटलं तुमाला."

"व्हय," आप्पा म्हणाले.

आता पाळी सिद्धरामची. आप्पा पडले त्या दिवशी तो रुळावर कामाला होता, फोन पिशवीत. आप्पा दोन तास ओढ्यात पडून होते. निरोप मिळाल्यावर तो धावत आला.

"मेंढरं गोल करून हुबी हुती," तो म्हणाला. "मधी तुमी. हलत न्हवता. मला वाटलं..."

आप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठावर काहीतरी तिखट आलेलं होतं, ते सोनालीला दिसलं. पण ओळ उचलायची होती. मागच्यानं आधी उचलायची असते. आप्पांनी तोंड मिटलं.

"तुला वाटलं, म्हातारा गेला."

सिद्धरामनं मान डोलावली.

"आनी आता मेंढरू दिसलं की तुला तेच दिसतंय."

"व्हय आप्पा."

केराबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. बाहेर रेल्वेच्या फाटकाची घंटा वाजून थांबली. सोनालीला वाटत होतं, आता सल्ला द्यावा, तोडगा सुचवावा. तिनं हात मांडीखाली दाबून धरले.

मग सिद्धरामनं दीड महिन्यापूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. "आप्पा, मेंढरांचं काय करू या?"

आप्पांनी पायाकडं पाहिलं. तो अजून नीट टेकत नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"वीस ऱ्हाऊ देत संगप्पाकडं. धा आन. चारायला शेजारच्या बजाबाईचा थोरला पोरगा लावू, उतारावर मी जात न्हाय." त्यांनी मेंढवाड्याकडं बोट केलं. "सांजची हाळी मात्र मी देनार."

"म्हंजे रानात त्यो जानार, आनी मेंढरं तुमच्या आवाजावर घरी येनार," सिद्धराम म्हणाला.

"व्हय."

पाचची गाडी रस्त्यावर हॉर्न वाजवून गेली. आप्पांनी तिकडं मान वळवली नाही. गाठोडं तसंच दाराशी होतं. त्यावरचे टाळ तेवढे त्यांनी उचलून खुंटीला लावले आणि केराबाईला म्हणाले, प्यायला पाणी दे.