रोटीशेजारचा निळा पासपोर्ट

"धाकटीला वाटेत एकटी सोडू नकोस," जग सोडून जाताना आईनं कुंदुझकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं.

किर्गिझस्तानातल्या ओश शहरात, विमानाच्या तिकीट ऑफिसात बसून कुंदुझ रोज लोकांना परदेशी धाडायची. तिला स्वतःला मात्र जर्मनीचा व्हिसा दोनदा नाकारला होता. आणि आज समोर जर्मनीत स्थायिक झालेली, माहेरी आलेली धाकटी बहीण आयझिरेक, लाल जर्मन आणि निळा किर्गिझ पासपोर्ट पत्त्यांसारखे पिसत बसलेली.

"ताई, तिकीट लालवरच काढ हं. निळ्यावर विमानवाले व्हिसा मागतील."

ते खरंच होतं. पण देशात ती निळा दाखवून आली होती, तेव्हा जाण्याची नोंदही निळ्यावरच व्हायला हवी. नुसता लाल दाखवला, तर ती आल्याची नोंदच सापडणार नाही. चौकशीत विमान हातचं जाईल.

"निळा घरीच ठेवते. काय कामाचा तो?"

"आमच्याकडे तेवढाच आहे, बाई," कुंदुझ म्हणाली. निळ्याशिवाय विमानतळावर अडवतील, हे मात्र तिनं गिळलं. ताटकळू दे हिलाही एकदा दारात!

निघताना आयझिरेकनं रिवाजाप्रमाणे रोटीचा एक घास घेतला. उरलेली रोटी ती परतेपर्यंत जपायची. "ताई, हिच्याशेजारीच निळाही ठेव. म्हणजे दोन्हीसाठी यावंच लागेल मला."

टॅक्सी वळली. रोटीवर दातांची खूण ओली होती, लहानपणीसारखीच वाकडी. कुंदुझनं तिच्यावर फडकं पांघरलं, निळा पासपोर्ट उराशी खोचला आणि दार ओढून घेऊन ती विमानतळाच्या बसकडे चालू लागली.