खिडकीपाशी थांबणारा कॅमेरा

मानवजातीला आजवर तीनच खरे शोध लागले: विस्तव, चाक आणि ब्लेंडरमधला फॉलो पाथ.

हे उद्गार कृष्णकांत सरांचे. ब्लेंडर हे संगणकावर घरं-इमारती उभ्या करायचं सॉफ्टवेअर, आणि फॉलो पाथ म्हणजे त्यातल्या कॅमेऱ्याला आखलेल्या वाटेवरून चालवायची सोय. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, ते न झालेल्या इमारतींच्या आतून लोकांना फिरवून आणण्याचा धंदा करत. उद्गार काढले तेव्हा समोर महादेवशेठ बिल्डर बसले होते आणि सरांच्या पाठीमागच्या पडद्यावर कॅमेरा त्यांच्या इमारतीबाहेर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, हवेत तरंगत होता.

"सर," महादेवशेठ म्हणाले, "माजं गिऱ्हाईक जिन्यानं येतंय. उडत नाय येत."

निशाने पुढे वाकून कॅमेऱ्याची स्वतःची जागा शून्यावर आणली. कॅमेऱ्याला वाटेवर बांधायचं तर आधी त्याची जुनी जागा पुसावी लागते. नाहीतर ती वाटेच्या वर जमा होते आणि तो वाट धरून चालतो खरा, पण तिच्यापासून कायम तेवढाच लांब. हे सर सगळ्यांना शिकवत आणि स्वतः दर वेळी विसरत. स्टुडिओत सर आणि निशा अशी दोनच माणसं होती, त्यामुळे विसरणारा कोण आणि पुसणारी कोण हे ठरलेलं होतं.

त्याच दुपारी निनादचा मेसेज आला. 'रोडपालीच्या फ्लॅटचा तो वॉकथ्रू आहे का अजून? परत बघायचाय. शनिवारी येऊ?'

निशाने तो वाचला आणि फोन पालथा घातला. मग सुलटा केला. शब्द तेच होते.

निनादशी तिचा साखरपुडा झाला होता. रोडपालीला, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक झाला, तेव्हा तिने त्याला भेट म्हणून त्या घराचा वॉकथ्रू, म्हणजे आतून फिरवून आणणारी फिल्म, करून दिला. गिऱ्हाइकाच्या कामात कॅमेरा सरासरी माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर चालतो. इथे तिने वाट स्वतःच्या डोळ्यांइतकी ठेवली. निशा बुटकी होती आणि घर तिचं होतं, त्यामुळे सरासरीचा प्रश्न आला नाही.

पुढे निनादला 'थोडा वेळ' हवा झाला. रोजचे फोन रविवारवर आले, रविवारचे सणावारावर, आणि दिवाळीला नुसतं पणतीचं चित्र आलं. कुठे भांडण नाही, कुठे दार आपटलं नाही. गाडी थांबली हे तिला बऱ्याच उशिरा, बाहेरची झाडं हलेनाशी झाल्यावर कळलं. 'मला तुला धक्का द्यायचा नव्हता,' असं तो नंतर म्हणाला होता. त्यात तो खोटं बोलत नव्हता. धक्का त्याने खरोखरच दिला नव्हता.

निशाने जुनी फाइल उघडली. दारापासून निघालेली वाट हॉलमधून आत गेली, स्वयंपाकघरात वळली, खिडकीसमोर ओट्याला लागून रेंगाळली आणि बाल्कनीत संपली. त्या खिडकीतून हायवेवरचे ट्रक दिसणार होते. "तू चहा कर, मी ट्रक मोजतो," असं निनाद म्हणाला होता, आणि तिने ओट्यावर दोन कप ठेवले होते. बनवला होता एकच. दुसरा त्याला जोडलेली प्रत. एकाचा कान मोडला तर दुसऱ्याचाही मोडणार, अशी सोय होती.

दोन दिवस ती त्या फाइलवर बसली. भिंतींना नवा रंग दिला, खिडकीतून संध्याकाळचं ऊन आणलं. कॅमेरा एकाच दिशेला तोंड करून चालतो की वाट वळेल तिकडे तोंड वळवतो, हे एका खुणेवर ठरतं. ती खूण तिने तपासली. कॅमेरा वाटेच्या दिशेनेच बघत होता. मग कॅमेरा कधी किती वाट कापतो त्याचा आलेख उघडला. दारात चढ हळूच सुरू होत होता, बाल्कनीत हळूच संपत होता, आणि मध्ये, खिडकीपाशी, दोन खुणांमधली रेघ आडवी पडलेली. आडवी रेघ म्हणजे कॅमेरा उभा. निशाने दुसरी खूण आणखी पुढे सरकवली. जास्त वेळ उभं राहायला मिळावं म्हणून.

"एवढं मन लावून कुणाचं काम चाललंय?" सरांनी विचारलं.

"जुनं गिऱ्हाईक आहे, सर."

"जुनी गिऱ्हाइकं परत येतात ती फुकट बदल करून घ्यायला," सर म्हणाले आणि चहा मागवायला जिन्यापाशी गेले.

शनिवारी निशाने निळा कुर्ता घातला. निनाद वेळेवर आला. त्याच्या मागून एक उंच, हसरी मुलगी दारात वाकून आत आली. दार काही तेवढं बुटकं नव्हतं. तिला सवय असावी.

"ही दिपिका," निनाद म्हणाला. "मे महिन्यात लग्न आहे आमचं. म्हटलं, हिला घर दाखवावं." मग दिपिकाकडे वळून, "निशा. ऑफिसच्या कामातली ओळख."

"अभिनंदन," निशा म्हणाली. "बसा तुम्ही."

'तुम्ही' ऐकून निनादने खुर्ची जरा जास्तच आवाज करत ओढली. सरांनी निशाच्या कुर्त्याकडे पाहिलं, निनादकडे पाहिलं, आणि ते आयुष्यात प्रथमच काही उद्गार न काढता झेरॉक्सवाल्याकडे काम असल्याचं सांगून खाली उतरले.

कॅमेरा दारातून निघाला. दिपिकाने हॉल पाहून "किती छान" म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं, त्यामुळे तिचा राग धरायचीही सोय उरली नाही. कॅमेरा स्वयंपाकघरात वळला, हळू झाला, खिडकीसमोर थांबला. ऊन दोन कपांवर पडलं होतं. तो थांबूनच राहिला.

"अडकला का हो, ताई?" दिपिकाने विचारलं.

"नाही. थांबवलाय."

"इथे काय आहे बघण्यासारखं?"

कॅमेरा आपला आपण निघाला आणि बाल्कनीत जाऊन, धक्का न देता, संपला.

"तेवढं थांबणं काढता येईल? आईंना दाखवायचंय. त्यांना वाटेल मोबाइल बिघडला."

"राहू दे ना," निनाद हळूच म्हणाला.

निशाचा हात माऊसवर थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली. सबंध वर्षात तो एवढं एकच वाक्य कुणाला तरी अडवायला बोलला होता.

"का रे? काय आहे तिथे?" दिपिकाने विचारलं.

निनादने खिडकीतून स्टँडकडे पाहिलं. उरणची गाडी मागे येत होती. "काही नाही," तो म्हणाला. "काढ."

निशाने मधल्या दोन्ही खुणा निवडल्या आणि पुसल्या. आडवी रेघ गेली. दारापासून बाल्कनीपर्यंत एकच गुळगुळीत चढ उरला. तिने पुन्हा चालवून दाखवलं. खिडकी आली तशी गेली. कप दिसले, पण ते दोन होते हे माहीत असणाऱ्यालाच.

"आता मस्त झालं," दिपिका म्हणाली. निशाने फाइल सेव्ह केली. तिला वाटलं, आता धक्का बसेल. त्याची वाट बघत ती पडद्याकडे तोंड करून बसून राहिली, पण वर्षभर हळूहळू थांबत आलेलं होतं ते तसंच हळूहळू थांबलं.

उठता उठता दिपिका पुन्हा वाकली आणि पडद्याकडे बघून संकोचाने हसली.

"ताई, शेवटचं एकच. सगळं जरा खालून बघितल्यासारखं वाटतंय. कॅमेरा थोडा वर घ्याल का? माझी उंची जास्त आहे."