सहाय्य मिळालं, सही करा

दिपालीला त्या फायलीची किळस यायला लागली होती, आणि फाईल तर तिनंच बनवलेली!

सात रस्त्याजवळच्या दुचाकींच्या शोरूममध्ये ती एचआर बघायची. मॅनेजर ऋतुराज सरांच्या सांगण्यावरून सर्व्हिस काउंटरवरच्या धोंडीरामभाऊंसाठी तिनं साठ दिवसांचा सुधारणा आराखडा काढला, तोही मन लावून. कबूल केलेल्या वेळेला गाडी देणं साठ टक्क्यांवरून पंच्याऐंशीवर न्यायचं. त्याच तक्रारीसाठी परत येणाऱ्या गाड्या शंभरात पाचाच्या आत हव्यात. आढावा पंचवीस जून, पंधरा जुलै आणि चार ऑगस्टला. सहाय्य म्हणून नव्या सॉफ्टवेअरचं दोन दिवस प्रशिक्षण, शिवाय दर सोमवारी तासभर काउंटरवरच्याच, सॉफ्टवेअर येणाऱ्या अभिमन्यूनं शेजारी बसून शिकवायचं.

कसलं प्रशिक्षण आणि कसलं काय! सोमवार उजाडला की सर अभिमन्यूला दुसऱ्याच कामाला जुंपायचे. माढ्याचे धोंडीरामभाऊ, हयात पाना फिरवण्यात गेलेली, जेवणाच्या सुट्टीत एका बोटानं कीबोर्ड बडवत बसायचे. पहिल्या आढाव्याला अडुसष्ट टक्के झाले, दुसऱ्याला सत्त्याहत्तर.

त्या दुसऱ्या आढाव्यालाच सर म्हणाले, "सहाय्य दिलं असं लिहा आणि त्यांची सही घ्या."

"मॅडम, शिकवाय तर कुणीच आलं न्हाय की," भाऊ म्हणाले.

"फॉर्मॅलिटी असते, भाऊ," दिपाली म्हणाली.

"तुमी म्हंताय म्हंजे करतो."

चार ऑगस्टला परत आलेल्या गाड्या शंभरात चारच निघाल्या, पण वेळेचा आकडा त्र्याऐंशीवर अडला. सरांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की दिपालीला त्यांचीही किळस आली.

"सहाय्य देऊनही लक्ष्य गाठलं नाही. सेवा समाप्त. लिहा मॅडम."

तिनं भाऊंकडे पाहिलं. आता तरी बोला ना, भाऊ!

"सही माजीच हाय," भाऊ खाली बघत म्हणाले. "आता काय बोलू?"

शी! सरांची किळस एकवेळ धुऊन टाकता आली असती, स्वतःची कुठं धुणार? तिनं पेन उचललं आणि लिहिलं : 'प्रशिक्षण एकही दिवस झालं नाही. अभिमन्यू एकही सोमवार बसला नाही. सहाय्य मिळाल्याची सही मी खोटं सांगून घेतली.' खाली स्वतःची सही ठोकली आणि फाईल थेट मालक शिवकुमार यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

मालकांना काही दया वगैरे आली नाही, कामगार न्यायालयाची धास्ती वाटली. धोंडीरामभाऊंना तीस दिवस वाढवून मिळाले, प्रशिक्षण दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. भाऊ वही घेऊन पहिल्या खुर्चीत बसले.

आठवड्यानं दिपालीच्या टेबलावर एक लिफाफा आला. तिच्याच नमुन्यातला आराखडा, वर तिचंच नाव. लक्ष्यं होती, आढाव्याच्या तीन तारखाही होत्या. सहाय्याच्या रकान्यात लिहिलं होतं : 'ऋतुराज सरांचं साप्ताहिक मार्गदर्शन.' त्याखाली, मार्गदर्शन सुरू व्हायच्या आधीच, 'सहाय्य मिळालं' असं छापलेलं.

"करा सही," सर हसत म्हणाले. "फॉर्मॅलिटी असते."

दिपालीनं ती छापील ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं : 'मिळाल्यावर करीन.'